वीर्यतपासणीचा अहवाल वाचताना

‘सामान्य आकाराचे शुक्राणू ५ टक्के’ हे वाचून नवरा हादरतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा ४ टक्केच आहे. डोके, मान किंवा शेपटीत किंचित दोष दिसला तरी तो शुक्राणू सामान्यांत धरत नाहीत.

समजा, वीर्य २ मिली आणि दर मिलीत २ कोटी शुक्राणू, म्हणजे एकूण ४ कोटी. मर्यादा ३.९ कोटींची. त्यांतले ३५ टक्के पुढे सरकणारे. ३० टक्के पुरतात. म्हणजे हा अहवाल ठीक आहे.

आकडा मर्यादेखाली गेला म्हणजे वंध्यत्व ठरत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या तापानेही संख्या घटते. म्हणून निष्कर्षाआधी तपासणी पुन्हा करावी, आणि प्रत्येक नमुन्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळावे.