समासातला शेरा आणि त्याचं उत्तर

पीएचडीच्या प्रबंधाचं प्रकरण गाईडकडून तपासून आलं की समासात शेरे असतातच. सुटलेला संदर्भ, चुकलेला तक्ता क्रमांक, अर्धवट वाक्य हे शेरे तासाभरात निपटतात. विद्यार्थी अडतो तो ‘हा भाग वाढवा’ या शेऱ्यापाशी. कुठल्या दिशेनं आणि किती वाढवायचं, हे त्यात नसतं. मग बरेच जण दोन पानं भर घालतात आणि ‘सर, केलं’ असा निरोप पाठवतात. पुढच्या खेपेला तोच शेरा तिथंच परत येतो.

शेऱ्याला नीट उत्तर कसं लिहायचं, हे कळण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी एका तालुक्यातल्या भूजलावर काम करते आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणातला 3.2 हा विभाग एवढाच आहे: ‘तालुक्यातील 40 विहिरी निवडल्या. मे आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याची पातळी मोजली. पातळीतील फरकावरून पुनर्भरण काढले.’ शेजारी मॅडमचा शेरा आहे, ‘विस्ताराने लिहा.’

पहिला मोह होतो तो भूजलाचं महत्त्व, जलचक्र आणि दख्खनच्या बेसाल्टची माहिती लिहायचा. पण हा मजकूर भूजलावरच्या कुठल्याही प्रबंधात जसाच्या तसा बसेल. विस्तार चुकीच्या जागी झाल्याची हीच खूण. शिवाय असा मजकूर बहुतेक वेळा इकडून तिकडून उचललेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत गेलं, तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो.

त्या तीन वाक्यांत खरं काय राहिलं आहे? प्रत्येक वाक्यामागे विद्यार्थिनीनं काही निर्णय घेतले आहेत आणि ते कागदावर आलेले नाहीत. या 40 विहिरीच का? कालव्याच्या लाभक्षेत्रातली विहीर घेतली असेल, तर कालव्याच्या पाझरामुळे तिची मे महिन्यातली पातळी वर राहते आणि पावसाचं पुनर्भरण कमी दिसतं. पातळी कुठून मोजली? टेप कठड्यावरून सोडली की जमिनीच्या पातळीवरून? दोन्ही वेळा एकाच खुणेवरून मोजलं असेल, तर हंगामी फरकात कठड्याची उंची आपोआप वजा होते. पण वेगवेगळ्या विहिरींच्या पातळीचा नकाशा करायचा, तर ती उंची प्रत्येक ठिकाणी वजा करावीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पंपाचा. शेतीपंपांना बऱ्याच ठिकाणी रात्रीची वीज मिळते. पहाटेपर्यंत उपसा चालला असेल आणि सकाळी टेप सोडली, तर विहिरीची पातळी तात्पुरती खाली गेलेली असते. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरातून येतं, त्यामुळे विहीर पूर्ववत भरायला वेळ लागतो. मे महिन्यातली अशी नोंद खोटा फरक वाढवते आणि पुनर्भरणही फुगतं.

विद्यार्थिनी तिची क्षेत्रवही काढून बसते. सहा विहिरींपुढे ‘पंप नुकताच बंद’ अशी टीप आहे. या सहांचा मे-ऑक्टोबर फरक सरासरी 5.1 मीटर आहे, उरलेल्या 34 विहिरींचा 3.8 मीटर. सगळ्या मिळून सरासरी जवळपास 4 मीटर होती. विस्तार करायला बसल्यावरच हे समोर आलं. आता ती उत्तर लिहिते.

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

विभाग 3.2 विस्ताराने लिहावा, असा आपला शेरा होता. विहिरी कशा निवडल्या आणि पातळी कोणत्या स्थितीत मोजली, हे तिथे आले नव्हते. आपला रोख त्याकडे असावा असे समजून बदल केला आहे. तसे नसेल तर कृपया सांगावे.

निवडीचे निकष, मोजणीची खूण आणि मोजणीची वेळ असे तीन नवे परिच्छेद घातले आहेत. विहिरींची यादी कठड्याच्या उंचीसह परिशिष्टात दिली आहे. बेसाल्टची सर्वसाधारण माहिती दुसऱ्या प्रकरणात असल्याने इथे पुन्हा लिहिली नाही, फक्त त्या विभागाचा क्रमांक दिला आहे.

क्षेत्रवही तपासताना सहा विहिरींत मोजणीआधी उपसा झाल्याचे आढळले. त्या वगळल्यास सरासरी फरक 4 ऐवजी 3.8 मीटर येतो. 2 टक्के स्पेसिफिक यील्ड धरून पुनर्भरण 80 ऐवजी 76 मिलिमीटर होते. या सहा विहिरी वगळून, वगळण्याचे कारण मजकुरात द्यावे असे मला वाटते. आपली संमती असल्यास चौथ्या प्रकरणातील आकडेही बदलते.

बहुतेक विहिरी रस्त्यालगतच्या आहेत. डोंगरउतारावरच्या विहिरी घेता आल्या नाहीत. आता त्या हंगामाची मोजणी परत शक्य नसल्याने ही मर्यादा म्हणून नोंदवली आहे.’

या उत्तरात पहिल्यांदा शेऱ्याचा आपण लावलेला अर्थ आहे. तो चुकला असेल, तर मॅडम एका वाक्यात सांगतील आणि महिना वाचेल. काय घातलं, ते पानाऐवजी विभागाच्या क्रमांकानं सांगितलं आहे, कारण मजकूर वाढला की पानं सरकतात. जे घातलं नाही, त्याचं कारण आहे. जिथं निकाल बदलतो, तिथं विद्यार्थिनीनं निर्णय परस्पर घेतलेला नाही. स्वतःचं मत देऊन विचारलं आहे.

मॅडमचं पुढचं बोट बहुधा 2 टक्क्यांवर पडेल. स्पेसिफिक यील्ड म्हणजे खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी त्यातून आपसूक निथळतं, ते प्रमाण. पातळीतल्या फरकाला त्यानं गुणलं की पुनर्भरणाचा अंदाज येतो. पावसाळ्यात झालेला उपसा त्यात वेगळा धरावा लागतो. झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टसाठी हे प्रमाण साधारण 1 ते 3 टक्के धरतात. म्हणजे त्याच 3.8 मीटरसाठी उत्तर 38 मिलिमीटरपासून 114 मिलिमीटरपर्यंत कुठंही असू शकतं. सहा विहिरी वगळून 4 मिलिमीटरचा फरक पडला, या एका आकड्याच्या निवडीनं त्याच्या कितीतरी पट पडतो. तेव्हा 3.2 मध्ये सर्वांत जास्त जागा कशाला द्यायची, हे इथं ठरतं: 2 टक्के का धरले, तालुक्यात पंप चालवून घेतलेली चाचणी उपलब्ध आहे का, आणि नसेल तर निकाल एका आकड्याऐवजी पल्ल्यात का देऊ नये.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. पत्रात सगळं स्वच्छ लिहायचं आणि प्रबंधात मात्र दोनच ओळी वाढवायच्या, असं पुष्कळदा होतं, कारण गाईडला कळलं की विद्यार्थ्याला काम झाल्यासारखं वाटतं. पण प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. समासातला शेरा त्यांनी पाहिलेला नसतो आणि हे पत्रही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी पत्र आणि नवा विभाग शेजारी ठेवून वाचावेत. सहा विहिरींचं कारण, रस्त्यालगतची मर्यादा किंवा 2 टक्क्यांचा आधार यांतलं काही फक्त पत्रातच सापडलं, तर तो विभाग अजून वाढवायचा राहिला आहे.