तीन सामन्यांनी खरंच किती फरक पडतो?

जून २०२३ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने भारताला २०९ धावांनी हरवलं आणि कसोटी अजिंक्यपद पटकावलं. त्यानंतर रोहित शर्मा म्हणाला की अंतिम फेरी तीन कसोटींची असायला हवी. दोन वर्षांपूर्वी साउदम्प्टनला न्यूझीलंडकडून आठ गडी राखून पराभव झाल्यावर विराट कोहलीनेही जवळपास हेच म्हटलं होतं. दोन वर्षांच्या खेळाचा निकाल एका सामन्यावर लागू नये, हे म्हणणं कुणालाही पटेल. पण तीन सामने खेळवले तर सरस संघ जिंकण्याची शक्यता नेमकी किती वाढते, हे कागदावर मांडून पाहायला हवं. बारावीपर्यंत शिकलेलं गणित त्याला पुरतं.

समजा, दोन संघांपैकी एक थोडा सरस आहे. किती सरस? दहा सामने झाले तर सरासरी सहा जिंकेल, चार हरेल इतका. म्हणजे एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ०.६ आणि प्रतिस्पर्ध्याची ०.४. अनिर्णित सामन्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवू. प्रत्येक सामना म्हणजे दहा चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढून, पाहून परत आत टाकणं. सहा चिठ्ठ्यांवर एका संघाचं नाव, चारांवर दुसऱ्याचं. आधीच्या सामन्यात काय झालं हे डब्याला ठाऊक नसतं.

आता तीनपैकी दोन जिंकायचे आहेत. सरस संघाला हे तीन मार्गांनी जमतं. पहिले दोन सामने सलग जिंकले तर ०.६ × ०.६ = ०.३६. पहिला जिंकला, दुसरा हरला, तिसरा जिंकला तर ०.६ × ०.४ × ०.६ = ०.१४४. पहिला हरून पुढचे दोन जिंकले तर पुन्हा ०.१४४. बेरीज ०.६४८. म्हणजे एका सामन्यात साठ टक्के असलेली शक्यता तीन सामन्यांच्या मालिकेत सुमारे पासष्ट टक्क्यांवर गेली. आणखी दोन सामने खेळवण्याचा खटाटोप, हजारो प्रेक्षकांची तिकिटं, पंचांचं वेळापत्रक, या सगळ्याच्या बदल्यात पाच टक्के. अशा मालिका कितीही भरवल्या, तरी सुमारे तीनपैकी एक करंडक दुबळ्या संघाच्या घरी जाणार.

याच बेरजेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि मला ती सर्वांत जास्त विचार करायला लावणारी वाटते. आपल्याला प्रत्यक्षात कोण सरस हे आधी माहीत नसतं. निकालावरून ते ओळखायचं असतं. दोघांपैकी कुणीही सरस असू शकतो अशा तयारीने मालिका बघायला बसलो आणि ती २–० ने संपली, तर जिंकणारा खरोखरच सरस असण्याची शक्यता किती? सरस संघ २–० ने जिंकण्याची शक्यता ०.३६, दुबळा २–० ने जिंकण्याची ०.४ × ०.४ = ०.१६. तेव्हा एकूण ०.५२ पैकी ०.३६, म्हणजे एकोणसत्तर टक्के. आणि मालिका २–१ ने संपली तर? सरस संघासाठी ०.२८८, दुबळ्यासाठी ०.१९२. एकूण ०.४८ पैकी ०.२८८, म्हणजे बरोबर साठ टक्के. एकच सामना खेळवला असता तरी आपली खात्री साठ टक्केच असती! तिसऱ्या सामन्यापर्यंत ताणलेली, अखेरच्या षटकापर्यंत रंगलेली मालिका कोण सरस याबद्दल एका सामन्यापेक्षा जास्त काहीच सांगत नाही. मिळालेला एक विजय आणि एक पराभव एकमेकांना खोडून टाकतात. उरतो तो फक्त एका विजयाचा फरक.

मग मालिका वाढवून पाहू. पाचपैकी तीन जिंकायचे असतील तर आपल्या साठ टक्केवाल्या संघाची शक्यता अडुसष्ट टक्के होते, सातपैकी चारला एकाहत्तर, नऊपैकी पाचला त्र्याहत्तर. प्रत्येक वेळी दोन सामने वाढतात आणि पदरात पडणारी वाढ आधीपेक्षा कमी होत जाते.

सातपैकी चारचा हा हिशेब अमेरिकेत फार पूर्वी गांभीर्याने मांडला गेला, कारण तिथल्या बेसबॉलचा मोठा करंडक, वर्ल्ड सिरीज, बहुतेक वर्षं याच पद्धतीने खेळला गेला आहे. १९०३ मध्ये आणि १९१९ ते १९२१ या तीन वर्षांत मात्र तो नऊपैकी पाच असा होता. १९४६ मध्ये बोस्टनच्या रेड सॉक्सने नियमित हंगामात १०४ सामने जिंकले होते. तरीही सेंट लुईसच्या कार्डिनल्सनी त्यांना अंतिम मालिकेत ४–३ ने हरवलं. त्या पराभवातून हार्वर्डमधले संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांना प्रश्न पडला: सात सामन्यांत सरस संघ जिंकतो तरी किती वेळा? १९५२ मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

अडचण ही होती की कोणत्या वर्षी कोणता संघ सरस होता, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. पण मालिका किती लांबली हे नोंदलेलं असतं आणि लांबीतून ताकदीतला फरक डोकावतो. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ असतील तर ४–० असा एकतर्फी निकाल आठपैकी एकाच मालिकेत लागायला हवा. एक संघ प्रत्येक सामन्यात पासष्ट टक्के शक्यतेने जिंकणारा असेल तर ४–० चं प्रमाण साडेबारा टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांवर जातं आणि सातव्या सामन्यापर्यंत जाणाऱ्या मालिका कमी होतात. जुन्या मालिकांचे निकाल अशा सूत्रांशी ताडून पाहत मॉस्टेलर या निष्कर्षाला आले की सरस संघ एक सामना जिंकण्याची सरासरी शक्यता सुमारे ०.६५ असावी. त्या हिशेबाने सातपैकी चार जिंकण्याची शक्यता ऐंशी टक्के निघते. म्हणजे पाच वर्षांतून एकदा करंडक चुकीच्या हातात जातो. १९४६ ते वर्ष होतं की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

‘सरस संघ बहुतेक वेळा जिंकतो’ असं म्हणण्यासाठी नव्वद टक्क्यांची कसोटी लावू. दहापैकी नऊ मालिकांत योग्य संघ जिंकायला हवा असेल तर मालिका किती लांब हवी? एका सामन्यातली शक्यता सत्तर टक्के असेल तर नऊ सामने पुरतात. पासष्ट असेल तर सतरा लागतात. साठ असेल तर सुमारे चाळीस. आणि पंचावन्न असेल तर सुमारे १६३. इथलं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: पन्नास टक्क्यांच्या वर असलेली आघाडी निम्मी झाली, दहाची पाच झाली, की लागणारे सामने दुप्पट नव्हे, तर चौपट होतात. याचं कारण असं की सामने वाढतात तसा सरस संघाचा अपेक्षित फायदा सामन्यांच्या संख्येइतका वाढतो, पण नशिबाचे चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतकेच वाढतात. म्हणून नशीब मागे पडतं खरं, पण फार सावकाश.

मग बॅडमिंटनमध्ये फक्त तीन गेमवर भागतं ते कसं? तिथे मालिका सामन्याच्या आतच असते. समजा एक खेळाडू प्रत्येक रॅली पंचावन्न टक्के शक्यतेने जिंकतो. एकवीस गुणांचा गेम म्हणजे, २०–२० नंतरचा भाग सोडला तर, एक्केचाळीसपैकी एकवीस रॅली जिंकण्याची मालिकाच. तिथे पंचावन्नचे चौऱ्याहत्तर टक्के होतात. मग तीनपैकी दोन गेम जिंकण्याची शक्यता त्र्याऐंशी टक्क्यांवर जाते. प्रेक्षकाला दिसतात तीन गेम, पण आत ऐंशी-शंभर छोटे सामने झालेले असतात. पुरुष एकेरीत नामांकित खेळाडू पहिल्या फेरीत हरला की बातमी होते ती त्यामुळेच.

म्हणून सामन्यांच्या संख्येवरून दोन खेळांची तुलना करता येत नाही. मायकेल लोपेझ, ग्रेगरी मॅथ्यूज आणि बेंजामिन बॉमर या संख्याशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या बास्केटबॉलमध्ये सात सामन्यांच्या मालिकेतून सरस संघ जितक्या वेळा पुढे जातो, तितक्याच वेळा बेसबॉलमध्ये जायला हवा असेल तर पंचाहत्तर सामन्यांची मालिका लागेल, असा त्यांचा अंदाज आहे. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांकडे चेंडू असंख्य वेळा येतो आणि गुणही भरपूर होतात. बेसबॉलमध्ये तीन-चार धावांवर सामना निघतो.

या सगळ्या हिशेबात एक गृहीतक आहे: शक्यता प्रत्येक सामन्यात तीच राहते. प्रत्यक्षात घरचं मैदान, नाणेफेक, मुख्य गोलंदाजाची दुखापत यांनी ती हलते. घरी सत्तर आणि बाहेर पन्नास असा फरक असला, आणि दोन्हीकडे जवळपास सारखेच सामने झाले, तर सरासरी साठ धरून काढलेलं उत्तर फारसं चुकत नाही. दुखापतीचं तसं नाही. पहिल्याच सामन्यात प्रमुख खेळाडू जायबंदी झाला तर पुढच्या सगळ्या सामन्यांचा डबाच बदलतो, आणि मग मालिका कितीही लांब केली तरी ती मूळच्या सरस संघाला मदत करत नाही.

कसोटीत याखेरीज अनिर्णितचा प्रश्न आहे. पाचपैकी एक कसोटी अनिर्णित राहते असं धरा आणि उरलेल्यांत आपला संघ साठ टक्के जिंकतो. म्हणजे एका कसोटीत विजय अठ्ठेचाळीस टक्के, पराभव बत्तीस, अनिर्णित वीस. तीनही कसोटी खेळवल्या आणि सगळ्या शक्यता मांडल्या तर सरस संघ मालिका जिंकतो त्रेपन्न टक्के वेळा, हरतो अठ्ठावीस टक्के वेळा, आणि मालिका बरोबरीत सुटते एकोणीस टक्के वेळा. अजिंक्यपदाच्या नियमानुसार अंतिम सामना अनिर्णित राहिला तर दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरतात. रोहितच्या मागणीप्रमाणे पाच दिवसांऐवजी पंधरा दिवस खेळलं, तरी करंडक विभागून देण्याची पाळी येण्याची शक्यता वीसवरून एकोणीसवर येईल.