एका पगाराच्या घराला किती विमा पुरेल?

‘वर्षाच्या पगाराच्या दहापट टर्म इन्शुरन्स घ्या’ हा सल्ला एजंटापासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत सगळे देतात. लक्षात ठेवायला तो सोपा आहे. पण त्यात कर्ज किती, बायकोचं वय काय, गावी आईवडिलांना पैसे जातात का, यातलं काहीच विचारलेलं नसतं. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात नेमका फरक याच गोष्टींनी पडतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा 34 वर्षांचा सुपरवायझर आहे. वर्षाचा पगार 9 लाख. बायको 32 वर्षांची, घर सांभाळते. दोन लहान मुलं. फ्लॅटचं 20 लाखांचं कर्ज फेडायचं आहे आणि साताऱ्याकडे आईवडिलांना दरमहा 8 हजार जातात. कर्जाचा हप्ता आणि गावचे पैसे सोडले, तर घरखर्च 38 हजार. त्यातले 8 हजार त्याच्या स्वतःवरचे: पेट्रोल, मोबाइल, बाहेरचं खाणं. म्हणजे तो नसताना घराला महिन्याला 30 हजार लागतील, वर्षाला 3 लाख 60 हजार.

इथं बहुतेक जण लगेच फिक्स्ड डिपॉझिटचा हिशेब मांडतात. सात टक्के व्याज धरलं, तर 51-52 लाखांवर महिन्याला 30 हजार सुटतात. मग झालं की! पण ते 30 हजार कायम 30 हजारच राहतात. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर साधारण बारा वर्षांत आजच्या 30 हजारांच्या सामानाला 60 हजार पडतील. त्या वेळी मुलं कॉलेजात असतील आणि बायको जेमतेम 44 वर्षांची. म्हणून नुसतं व्याज न बघता, महागाई वजा केल्यावर हातात काय उरतं ते बघावं. सांभाळून ठेवलेल्या पैशावर ही वाढ दीड टक्का धरली तरी मी ती उदारच म्हणेन.

बायकोला पुढची 50 वर्षं हा खर्च चालवायचा आहे असं धरू. दीड टक्क्याच्या हिशेबाने त्यासाठी आज वर्षाच्या खर्चाच्या सुमारे 35 पट रक्कम हवी, म्हणजे 1 कोटी 26 लाख. मुलं मोठी झाल्यावर त्यांचा खर्च कमी होईल, पण औषधपाणी वाढेल. म्हणून तिथं मी काटछाट केलेली नाही. त्यात कर्जाचे 20 लाख, दोघांच्या शिक्षणाचे आजच्या भावाने 25 लाख आणि आईवडिलांसाठी पंधरा वर्षांचे साधारण 13 लाख मिळवा. बेरीज 1 कोटी 84 लाख.

आता वजाबाकी. पीएफ, ग्रॅच्युइटी, बँकेतली ठेव आणि जुनी एखादी पॉलिसी मिळून 14 लाख धरले, तर उरतात 1 कोटी 70 लाख. पगाराच्या दहापटीचा नियम 90 लाखांवर थांबला असता. राहतं घर वजा करू नये, कारण ते विकलं तर भाडं सुरू होतं. कंपनीने दिलेला ग्रुप विमाही मोजू नये. नोकरी सुटली की तो सहसा तिथेच संपतो.

गुंतवणूक याच्या आधी का नको, हे चार वर्षांचा हिशेब केला की कळतं. महिन्याला 5 हजारांची एसआयपी चार वर्षं चालली, तर भरलेले पैसे होतात 2 लाख 40 हजार. बाजार कितीही चढला, तरी या घराची गरज त्यातून भागत नाही. उलट निर्व्यसनी माणसाला साठीपर्यंतच्या एवढ्या टर्म विम्याला महिन्याला ढोबळमानाने दीड-दोन हजार लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही राहिलेला नाही. ‘पैसे परत मिळणारी’ पॉलिसी घेतली, तर वर्षाला 50 हजार भरूनही कव्हर साधारण दहा-अकरा लाखांचंच मिळतं. एकपगारी घराला ते परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज भरताना तंबाखू, मधुमेह, आधीच्या पॉलिसी असं सगळं खरं लिहावं. पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर विमा कायद्याच्या कलम 45 नुसार कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी लपवलेल्या गोष्टीवरून दावा नाकारला जाऊ शकतो.

शिवाय पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली, तर ती रक्कम बायकोमुलांसाठी राखीव राहते आणि नवऱ्याच्या इतर देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. त्याचा फॉर्म अर्जासोबतच भरून द्यावा लागतो; पॉलिसी हातात आल्यावर ही सोय जोडून मिळत नाही.