स्वादुपिंडातील सिस्ट : पाळत कशी आणि शस्त्रक्रिया केव्हा

स्वादुपिंडातील सिस्ट म्हणजे त्या ग्रंथीत तयार झालेली, द्रवाने भरलेली पिशवी. बहुतेक वेळा तिचा शोध अपघातानेच लागतो. मूतखड्यासाठी किंवा पाठदुखीसाठी केलेल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते, आणि रुग्ण घाबरून जातो. वय वाढते तशा या सिस्टही वाढतात. सत्तरी ओलांडलेल्यांच्या एमआरआयमध्ये त्या इतक्या वेळा दिसतात की प्रत्येक सिस्टकडे कर्करोगाची सुरुवात म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. मात्र त्यांतल्या काही थोड्या सिस्टमधून पुढे कर्करोग होतो, आणि स्वादुपिंडाचा कर्करोग सहसा उशिरा कळतो. त्यामुळे सिस्ट कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यात काय बदल होत आहे, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा रुग्णाच्या पूर्वइतिहासातच मिळते. मद्यपानामुळे किंवा पित्ताशयातील खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर काही आठवड्यांनी तिथे ग्रंथीचा स्राव साठून स्यूडोसिस्ट तयार होऊ शकते. तिला स्वतःचे पेशींचे अस्तर नसते, म्हणून तिच्यातून कर्करोग होत नाही. पूर्वी कधी पोटात असह्य दुखून रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते का, हा साधा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे. सुजेचा काहीच इतिहास नसताना एखादी सिस्ट स्यूडोसिस्ट समजून तिचा निचरा केला गेला, तर खरी गाठ आतच राहते आणि योग्य उपचार लांबतो.

सीरस सिस्टॲडिनोमा ही दुसरी निरुपद्रवी जात. तिच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असंख्य बारीक कप्पे असतात, कधी मध्यभागी चुना साचलेला व्रणही दिसतो. हे चित्र स्पष्ट असेल आणि त्रास नसेल, तर ती काढण्याची गरज नसते, कारण तिचा कर्करोग होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

ज्या सिस्टच्या अस्तरातून चिकट स्राव, म्हणजे म्यूसिन, पाझरतो त्यांच्याबाबत खरी काळजी असते. म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम ही जवळजवळ फक्त स्त्रियांना, बहुधा मध्यम वयात, स्वादुपिंडाच्या मधल्या किंवा शेपटीकडच्या भागात होते आणि ग्रंथीच्या नलिकेशी तिचा संबंध नसतो. प्रकृती धडधाकट असेल तर ती सहसा काढून टाकतात. लहान असेल आणि आत गाठ नसेल, तर काही डॉक्टर तिच्यावर पाळत ठेवणेही पसंत करतात. मात्र उतारवयात अपघाताने सापडणाऱ्या सिस्टमध्ये सर्वांत जास्त प्रमाण आयपीएमएन या प्रकाराचे असते. स्वादुपिंडाच्या नलिकेचे अस्तर म्यूसिन तयार करू लागते आणि ती नलिका फुगते. मुख्य नलिका फुगली तर कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. फक्त एखादी उपशाखा फुगली, तर धोका कमी आणि संथ असतो. पाळतीचे बहुतेक नियम या उपशाखेच्या आयपीएमएनसाठीच तयार झाले आहेत.

हा फरक ओळखायला एमआरसीपीसह एमआरआय ही सर्वांत सोयीची तपासणी. तिच्यात द्रव चकचकीत पांढरा दिसतो, त्यामुळे सिस्ट नलिकेला जोडलेली आहे की नाही हे कळते. शिवाय क्ष-किरण नसल्याने ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करता येते. सोनोग्राफीत पोटातल्या वायूमुळे स्वादुपिंडाचा काही भाग झाकला जातो, म्हणून केवळ तिच्यावर पाळत सोपवणे धोक्याचे आहे.

चिंतेची लक्षणे कोणती, याविषयी जपानी तज्ज्ञांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन तयार होत आले आहे. 2006 मध्ये सेंदाई, 2012 मध्ये फुकुओका आणि 2024 मध्ये क्योतो या शहरांच्या नावाने ते प्रसिद्ध झाले. त्यात लक्षणांच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीची लक्षणे सापडली, तर प्रकृती साथ देत असल्यास शस्त्रक्रियेचाच विचार करतात. स्वादुपिंडाच्या डोक्यातील सिस्टमुळे पित्ताचा मार्ग अडून कावीळ होणे, सिस्टच्या आत रक्तपुरवठा असलेली 5 मिलिमीटर किंवा मोठी गाठ अथवा घन भाग असणे, मुख्य नलिका 10 मिलिमीटर किंवा अधिक रुंद होणे, आणि सुईने काढलेल्या पेशींत कर्करोगाची खूण किंवा दाट संशय असणे, ही ती लक्षणे.

खालच्या पायरीची लक्षणे पुढच्या तपासणीची गरज सांगतात. सिस्ट 30 मिलिमीटर किंवा मोठी असणे, वर्षाला 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून वेगाने वाढणे, आत 5 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असणे, भिंत जाड होणे, मुख्य नलिका 5 ते 10 मिलिमीटरच्या दरम्यान फुगणे किंवा एका जागी अचानक अरुंद होणे यांचा त्यात समावेश आहे. स्वादुपिंडाला सूज येणे, सीए 19-9 ही रक्तातील खूण वाढणे, आणि गेल्या वर्षभरात नव्याने मधुमेह होणे किंवा जुना एकाएकी बिघडणे यांकडेही आता लक्ष दिले जाते. आपल्याकडे मधुमेह घरोघरी असल्याने ही शेवटची गोष्ट सहज नजरेतून सुटते. सीए 19-9 पित्तमार्गाच्या अडथळ्यातही वाढते, म्हणून फक्त त्या आकड्यावरून निदान करू नये. अशी लक्षणे जितकी जास्त एकत्र येतात, तितका धोका वाढतो.

रुग्ण रिपोर्टमध्ये आधी आकार वाचतो. वास्तविक आकारापेक्षा सिस्टच्या आतील गाठ आणि मुख्य नलिकेची रुंदी अधिक सांगून जाते. गाठ नसलेली, नलिका शांत असलेली 32 मिलिमीटरची सिस्ट अनेकदा वर्षानुवर्षे जपून पाहता येते. 15 मिलिमीटरच्या सिस्टमध्ये रक्तपुरवठा असलेली गाठ दिसली तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. 63 वर्षांच्या एका बाईंना मूतखड्याच्या सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्यात 19 मिलिमीटरची सिस्ट दिसली. त्यांना पूर्वी कधी सूज आली नव्हती, कावीळ किंवा मधुमेह नव्हता. एमआरआयमध्ये तीच सिस्ट 16 मिलिमीटर भरली, उपशाखेला जोडलेली होती, मुख्य नलिका 3 मिलिमीटर होती आणि आत गाठ नव्हती. इथे पहिली गफलत होऊ शकते. सीटी आणि एमआरआयच्या मोजमापात थोडा फरक पडतोच, त्यामुळे सिस्ट आकसली असे समजू नये. पुढची तुलना एमआरआयची एमआरआयशीच करायची.

20 मिलिमीटरपेक्षा लहान, चिंतेचे लक्षण नसलेल्या सिस्टसाठी क्योतोचे वेळापत्रक असे : एकदा 6 महिन्यांनी, आणि बदल नसेल तर पुढे दर 18 महिन्यांनी. 20 ते 30 मिलिमीटरच्या सिस्टसाठी 6-6 महिन्यांनी दोनदा आणि मग वर्षातून एकदा. 30 मिलिमीटरच्या पुढे दर 6 महिन्यांनी. या बाईंच्या 6 महिन्यांच्या तपासणीत 16 आणि त्यानंतर 18 महिन्यांनी 17 मिलिमीटर असा आकार आला. त्या पुढच्या फेरीत, आणखी 18 महिन्यांनी, तो 22 झाला. म्हणजे दीड वर्षात 5 मिलिमीटर, वर्षाला सव्वातीनच्या आसपास. याच काळात वजन वाढलेले नसताना रक्तातील साखर मधुमेहाच्या पातळीवर गेली होती. दोन चिंतेची लक्षणे एकत्र आली, म्हणून एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड ठरली.

या तपासणीत तोंडावाटे जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेलेल्या नळीच्या टोकाशी सोनोग्राफीचा प्रोब असतो. स्वादुपिंड अगदी जवळून दिसतो. सिस्टमध्ये 4 मिलिमीटरचा एक ठिपका दिसला. तो भिंतीवर उगवलेली गाठ आहे की चिकट स्रावाचा गोळा, हा प्रश्न निर्णायक होता. कूस बदलल्यावर ठिपका सरकला आणि रक्तात सोडलेले कॉन्ट्रास्ट त्याने घेतले नाही, म्हणजे तो स्रावच होता. बारीक सुईने काढलेला द्रव चिकट होता, त्यात साखर फारच कमी आणि सीईए जास्त होते. द्रवातील साखर 50 मिलिग्रॅमच्या खाली किंवा सीईए 192 नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर सिस्ट म्यूसिनची असण्याची शक्यता मोठी. मात्र सीईए कितीही जास्त असले तरी कर्करोग झाला आहे की नाही, हे ते सांगत नाही. इथे अनेकांचा घोटाळा होतो. पेशींत कर्करोगाची खूण नव्हती. नव्या मधुमेहामुळे संपूर्ण स्वादुपिंड बारकाईने पाहिले, कारण आयपीएमएन असलेल्यांत सिस्टपासून दूर, ग्रंथीच्या दुसऱ्याच भागातही कर्करोग होऊ शकतो. तसे काही आढळले नाही.

सिस्ट डोक्याच्या भागात असल्याने ती काढायची तर व्हिपल शस्त्रक्रिया करावी लागली असती. त्यात स्वादुपिंडाच्या डोक्यासोबत लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात. अनुभवी केंद्रातही तिच्यात गुंतागुंती वारंवार होतात आणि मृत्यूचा थोडा धोका उरतो. म्हणून सर्जन, पोटविकारतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून दर 6 महिन्यांनी एमआरआय करण्याचा निर्णय घेतला. शस्त्रक्रिया टाळली असे या निर्णयाला म्हणता येत नाही. गाठ दिसली किंवा नलिका फुगली तर ती लगेच करायची, हे तेव्हाच ठरले.

पाळत कधी थांबवायची, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. 20 मिलिमीटरपेक्षा लहान सिस्ट 5 वर्षे जराही बदलली नाही, तर थांबणे क्योतोला मान्य आहे. युरोपीय तज्ज्ञ, रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य आहे तोवर पाळत सुरू ठेवा, असे म्हणतात. एका गोष्टीवर मात्र वाद नसावा : ज्याला कोणत्याही परिस्थितीत शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा वयोवृद्ध किंवा गंभीर आजारी माणसाचे स्कॅन करत राहिल्याने त्याच्या वाट्याला फक्त धास्ती येते. उलट, आयपीएमएन शस्त्रक्रियेने काढली तरी उरलेल्या स्वादुपिंडावर नजर ठेवावीच लागते.

ज्यांच्या रिपोर्टमध्ये सिस्ट आली आहे, त्यांनी प्रत्येक स्कॅनची सीडी जपून ठेवावी आणि पुढची तपासणी शक्य तितकी त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करून घ्यावी. दोन-तीन मिलिमीटरची वाढ खरी आहे की मोजण्यातला फरक, हे जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावरच ठरवता येते. केवळ छापील रिपोर्टवरून नाही. दोन स्कॅनच्या मधल्या काळात कावीळ, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी, विनाकारण वजन घटणे किंवा नव्याने मधुमेह आढळला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.