डाळीचा भाव उतरविण्यापूर्वी

शेतकरी गटांनी तुरीची डाळ करून ती आठवडे बाजारात विकावयास आरंभ केला म्हणजे शेजारच्या दुकानदाराने भाव उतरविला की आपणही उतरविण्याचा मोह होतो. तत्पूर्वी थोडा हिशेब मांडून पाहावा.

उदाहरणादाखल, १०० किलो तुरीपासून ७० किलो डाळ मिळाली. तुरीचे ७,००० रुपये, भरडाई व वाहतुकीचे ७०० रुपये, आणि चुणी विकून ३५० रुपये परत आले. म्हणजे डाळ किलोस १०५ रुपयांस पडली. गट ती १२० रुपयांनी विकतो व किलोमागे १५ रुपये उरतात. दुकानदाराने भाव ११२ केला. गटानेही तोच केला, तर किलोमागे सातच रुपये उरतील व सर्व ७० किलो विकूनही ४९० रुपये पदरात पडतील. उलटपक्षी, भाव १२० ठेवून केवळ ३३ किलो डाळ खपली तरी ४९५ रुपये उरतात. शिवाय उरलेली डाळ नीट वाळविलेली असल्यास पुढील बाजारापर्यंत टिकते. पालेभाजीस मात्र हा न्याय लागू नाही. ती सायंकाळपूर्वी विकलीच पाहिजे.

भावाची नोंद वहीत दर बाजारी एकाच वेळी करावी. भावासमवेत डाळीची प्रत व वजनही लिहावे, कारण नुसता भाव फसवा असतो. दुकानातून पाव किलो डाळ विकत आणून चाळावी. तीत १५ ग्रॅम चुरा व कचरा निघाला, तर निर्मळ डाळ २३५ ग्रॅमच राहिली. म्हणजे ११२ चा भाव वस्तुतः ११९ रुपयांवर गेला. आता फरक एक रुपयाचाच उरला.

अशा वेळी भाव कायम ठेवून दोन्ही डाळी परातीत शेजारी शेजारी मांडाव्यात व गिऱ्हाईकास स्वतः पाहू द्यावे. आपल्या डाळीतील तुकडा वेगळा काढून तो कमी भावाने विकावा. त्यामुळे स्वस्त माल पाहणारे गिऱ्हाईकही परत जात नाही आणि अख्ख्या डाळीचा भाव मोडत नाही.

एका बाजारापुरती घट ही बहुधा जुना साठा काढण्यासाठी असते. तिच्यामागे धावू नये. परंतु सलग तीन बाजार भाव खाली राहिला, चाळणीत दुकानाची डाळ आपल्याइतकीच निर्मळ ठरली आणि नेहमीची गिऱ्हाइके तिकडे वळली, तर भाव जुळविणे इष्ट. बाजार समितीत तूरच उतरली असेल, तर विलंब लावू नये. आपली तूर महाग घेतली होती ही सबब गिऱ्हाईक मानीत नाही; पुढील डाळ सर्वांनाच स्वस्त पडणार असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत ही वही व चाळणी पुढे ठेवावी, आणि भावाचा निर्णय त्यानंतरच घेण्यास सांगावे.