चतुर्थक एकच, उत्तरं मात्र तीन

मागच्या भागात आपण मध्यक पाहिला. आज बॉक्स प्लॉट आणि त्याच्या वर्कशीटमधला एक हमखास अडणारा प्रश्न घेऊ. मुलगा पहिला चतुर्थक २४ काढतो, उत्तरसूचीत २३.५ असतं, आणि बाबांनी संगणकावर तपासलं तर २४.५ येतं. तिघांनीही बेरीज-वजाबाकी बरोबर केलेली असते. बदलीच्या नोकरीतल्या घरांत हे जास्त घडतं. मूल एका बोर्डाच्या पुस्तकातून दुसऱ्या बोर्डाच्या पुस्तकात गेलं की कालपर्यंत बरोबर असलेल्या पद्धतीवर आज लाल रेघ येते.

उदाहरण घेऊ. दहा जण पाच किलोमीटर धावले. लागलेली मिनिटं चढत्या क्रमाने अशी:

२१, २२, २४, २६, २७, २८, २९, ३०, ३४, ४०

मध्यक पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध, म्हणजे २७.५. यावर कोणाचंच भांडण नाही. भांडण सुरू होतं ते चतुर्थकापाशी. दहाचा चौथा भाग अडीच, आणि अडीच माणसं रांगेतून बाजूला काढता येत नाहीत. मग चौथा भाग नेमका कशाचा करायचा, हे आधी ठरवावं लागतं. पुस्तकं इथेच वेगळी होतात, पण तसं सांगत मात्र नाहीत.

ही दहा माणसं एका रांगेत सारख्या अंतरावर उभी आहेत असं समजा.

पहिली रीत माणसांची वाटणी करते. रांग मधोमध तोडायची, पाच डावीकडे, पाच उजवीकडे. डाव्या पाचांतला मधला, म्हणजे तिसरा माणूस, हा पहिला चतुर्थक: २४. उजव्या पाचांतला मधला, म्हणजे आठवा, हा तिसरा चतुर्थक: ३०. शाळेच्या वर्कशीटमध्ये ही रीत खूप दिसते, कारण ती मध्यकाच्याच रीतीने जाते आणि अपूर्णांकांची कटकट फारशी येत नाही.

दुसरी रीत माणसं मोजत नाही, त्यांच्यामधली अंतरं मोजते. दहा माणसांमध्ये अंतरं नऊ. नऊचा चौथा भाग सव्वादोन. पहिल्या माणसापासून सव्वादोन अंतरं चालत गेलो की तिसऱ्याला ओलांडून, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या अंतराचा पाव भाग पुढे पोचतो. तिसरा २४, चौथा २६, मधला फरक २, त्याचा पाव ०.५. म्हणून उत्तर २४.५. वरच्या टोकाकडून तसंच उलटं चाललं की २९.७५ मिळतं.

तिसरी रीतही अंतरंच मोजते, पण रांगेच्या दोन्ही टोकांबाहेर एकेक अंतर जास्तीचं धरते. अशी अंतरं झाली अकरा. त्यांचा चौथा भाग पावणेतीन. सुरुवात पहिल्या माणसाच्या एक अंतर आधीपासून, म्हणून पावणेतीन अंतरांनंतर आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाच्या मध्ये, पाऊण वाट चालून थांबतो. २२ अधिक १.५, म्हणजे २३.५. तिसरा चतुर्थक ३१ येतो. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात (n+1)/4 असं जे सूत्र असतं, ते हेच. त्यातला अधिक एक कुठून आला हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. तो या टोकाबाहेरच्या अंतरांतून आला.

टोकाबाहेर अंतर धरायचं कशाला, हा रास्त प्रश्न आहे. समजा हे दहा जण म्हणजे मोठ्या पलटणीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना आहे. मग आपला सर्वांत वेगवान २१ मिनिटांचा गडी अख्ख्या पलटणीत सर्वांत वेगवान असेलच असं नाही. त्याच्याही पुढे कोणी असण्याची जागा सोडलेली बरी. पण हे दहाच आपला सगळा हिशेब असतील, तर २१ हेच खालचं टोक आणि ४० हेच वरचं, बाहेर जागा सोडायचं कारण नाही. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीमागे दोन वेगळे समज आहेत आणि दोन्हींना अर्थ आहे.

माणसांची संख्या विषम असली की पहिल्या रीतीतच दोन पोटजाती निघतात. ४० मिनिटंवाला धावलाच नाही असं धरा. उरले नऊ, मध्यक पाचवा, २७. रांग तोडताना हा मधला माणूस कोणाच्या वाट्याला? त्याला दोन्हींकडून वगळलं तर पहिला चतुर्थक २२ आणि २४ च्या मधला, २३. दोन्हींकडे मोजला तर २४. दोन्हींकडे मोजण्याची रीत जॉन ट्युकी यांची. बॉक्स प्लॉट लोकांपुढे आणला तोही त्यांनीच, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७७ साली निघालं. गंमत अशी, की बॉक्स प्लॉट शिकवणारी कित्येक शालेय पुस्तकं मधला माणूस वगळतात.

अर्ध्या मिनिटाचा फरक, एवढं काय त्याचं? चतुर्थकापर्यंत ठीक आहे. पण बॉक्स प्लॉटमध्ये पुढची पायरी असते. पेटीची लांबी, म्हणजे दोन चतुर्थकांमधला फरक, दीडपट करून पेटीच्या वरच्या कडेत मिळवायची. जो त्या कुंपणाच्याही पलीकडे गेला तो आउटलायर, त्याचा ठिपका वेगळा काढायचा. आता पूर्ण दहा जणांवर हे करून बघा. पहिल्या रीतीने पेटी ६ मिनिटांची, दीडपट ९, कुंपण ३० अधिक ९ म्हणजे ३९. ४० वाला बाहेर. तिसऱ्या रीतीने पेटी ७.५ ची, दीडपट ११.२५, कुंपण ४२.२५. तोच ४० वाला आत! एका पुस्तकात त्याच्यासाठी वेगळा ठिपका आणि उजवीकडची रेष ३४ वर संपलेली, दुसऱ्यात रेष सरळ ४० पर्यंत. दुसऱ्या रीतीचं कुंपण ३७.६२५ वर येतं, तिथेही तो बाहेरच. अर्ध्या-एका मिनिटाचा फरक दीडपट होऊन कडेला जाऊन चिकटतो, म्हणून असं होतं.

संगणकाला विचारून हा वाद मिटत नाही. एक्सेलमध्येच दोन आज्ञा आहेत. आकडे A1 ते A10 मध्ये लिहून हे करा:

```
=QUARTILE.INC(A1:A10,1)
=QUARTILE.EXC(A1:A10,1)
```

पहिली २४.५ देते, दुसरी २३.५. शाळेतलं साधं २४ दोघींपैकी एकही देत नाही. जुनी नुसती QUARTILE ही आज्ञा पहिलीसारखी चालते. हाइंडमन आणि फॅन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या अशा नऊ व्याख्या एका लेखात मांडल्या होत्या, तेव्हा दोन आज्ञांवरच थांबल्याबद्दल एक्सेलचे आभार मानायला हवेत.

हा घोळ लहान वर्कशीटचाच आहे. हजार जणांच्या यादीतही तिन्ही रीती शेजारच्याच माणसांजवळ थांबतात, पण तिथे शेजारी साधारणपणे काही सेकंदांच्याच फरकाने उभे असतात. दहा जणांत एका शेजाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन-चार मिनिटं असतात, म्हणून रीतीचा फरक डोळ्यांना दिसतो. यादी मोठी असूनही उत्तरं फार लांब पडली, तर रीतीला दोष देण्याआधी यादी चढत्या क्रमाने लावली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

उत्तरसूची कोणत्या रीतीची आहे हे ओळखण्यासाठी आठ किंवा दहा आकड्यांचं एखादं सोडवलेलं उदाहरण घ्या आणि दिलेला पहिला चतुर्थक कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये, किती वाटेवर पडतो ते बघा. दहा आकड्यांत तो दुसऱ्यानंतर पाऊण वाटेवर असेल तर (n+1)/4, बरोबर तिसऱ्यावर असेल तर अर्ध्या-अर्ध्या रांगेची रीत, तिसऱ्यानंतर पाव वाटेवर असेल तर नऊ अंतरांची. आठ आकड्यांत त्याच क्रमाने दुसऱ्यानंतर पाव, अर्धी आणि पाऊण वाट. विषम संख्येचं उदाहरण यासाठी घेऊ नका, तिथे दोन रीती एकाच उत्तरावर येतात आणि ओळख पटत नाही. एकदा रीत कळली की मुलाला तीच वापरू द्या आणि उत्तराशेजारी तिचं नाव लिहायला सांगा. तपासणाऱ्याची रीत वेगळी असली तरी त्याला कळेल की २४ कुठून आले.