टी-थ्री ते नवी दिल्ली: मधली सोळा मिनिटं आणि दोन टोकांचा वेळ

पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमानाने दिल्लीला उतरायचं आणि तिथून रात्रीच्या गाडीने जम्मू, अमृतसर किंवा हरिद्वार गाठायचं, हा बेत आता बऱ्याच मराठी घरांत आखला जातो. विमानाचं तिकीट एक जण काढतो, रेल्वेचं दुसरा, आणि दोन्हींच्या मधल्या वेळाबद्दल सगळे अंदाजाने बोलतात. कुणी म्हणतं दोन तास पुष्कळ झाले, कुणी म्हणतं सहा तास हवेत. या अंदाजाला थोडा आधार देता येतो, कारण मधलं अंतर कापणारी दिल्ली मेट्रोची एअरपोर्ट एक्सप्रेस लाइन ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. टर्मिनल तीनच्या खालच्या स्थानकातून सुटलेली गाडी एरोसिटी, धौला कुआँ आणि शिवाजी स्टेडियम अशी फक्त तीन स्थानकं घेत साधारण 15-16 मिनिटांत नवी दिल्लीला पोहोचते. भाडं 60-65 रुपयांच्या आसपास. वर रस्त्यावर याच प्रवासाला दुपारी पाऊण तास लागतो; संध्याकाळी धौला कुआँच्या चौकात अडकलात तर दीड तासही जातो.

पण ही 16 मिनिटं सहजी मिळालेली नाहीत. लाइन 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी सुरू व्हायची होती. ती सुरू झाली 23 फेब्रुवारी 2011 ला. बांधकाम दिल्ली मेट्रोचं, तर गाड्या, यंत्रणा आणि चालवणं रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या पुढाकारातल्या खासगी कंपनीकडे, अशी विभागणी होती. गाड्या स्पेनच्या काफ कंपनीच्या. वर्ष-दीड वर्षातच उन्नत मार्गाच्या बांधकामात दोष आढळले. खांबांवर गर्डर ज्या बेअरिंगवर टेकतो तिथेच गडबड होती. जुलै 2012 मध्ये लाइन बंद करावी लागली. जानेवारी 2013 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण वेग ताशी 50 किलोमीटरपुरता बांधून. त्याच वर्षी 1 जुलैपासून खासगी कंपनी बाहेर पडली आणि दिल्ली मेट्रोने ती स्वतः चालवायला घेतली. दोघांमधला पैशाचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात 2024 पर्यंत चालला.

प्रवाशाच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बेअरिंग दुरुस्त झाली तरी वेग लगेच वाढवता येत नव्हता. रूळ खालच्या पायाशी स्प्रिंगसारख्या पोलादी पकडींनी धरून ठेवलेला असतो. गाडी वेगाने गेली की रूळ थरथरतो, आणि त्या थरथरीची लय पकडीच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर पकड हळूहळू थकते आणि तुटते. म्हणून मार्गावरच्या जुन्या पकडी काढून वेगळ्या गुणधर्माच्या नव्या बसवल्या. ही कामं प्रवासी वाहतूक सांभाळून, रात्री गाड्या थांबल्यावर मिळणाऱ्या काही तासांत होत राहिली. वेग टप्प्याटप्प्याने वाढत गेला. 2023 मध्ये तो ताशी 100, मग 110, आणि 17 सप्टेंबरला 120 किलोमीटरवर आला. त्याच दिवशी लाइन द्वारका सेक्टर 21 च्या पुढे यशोभूमीपर्यंत वाढली. आपल्या हिशेबातली मिनिटं अशी रात्रीच्या कामातून आलेली आहेत, आणि मला त्या कामगारांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता हिशेब. विमान टी-थ्रीला दुपारी 3 वाजता टेकणार आणि गाडी नवी दिल्लीहून संध्याकाळी 7 ला सुटणार, असं धरू. कुटुंबात चार माणसं, त्यातली दोन साठीच्या पुढची, आणि दोन मोठ्या बॅगा पोटात दिलेल्या.

विमान टेकलं म्हणजे आपण उतरलो असं नाही. दिल्लीच्या काही धावपट्ट्या टर्मिनलपासून इतक्या लांब आहेत की विमान जमिनीवरच दहा-पंधरा मिनिटं चालत राहतं. दार उघडून मागच्या रांगेतली माणसं बाहेर येईपर्यंत 3 वाजून 20 मिनिटं. टी-थ्रीच्या लांबच लांब दालनातून, सरकत्या पट्ट्यांवरून सामानाच्या बेल्टपाशी पोहोचायला पंधरा मिनिटं, त्यात स्वच्छतागृहाचा थांबा धरलाच पाहिजे. बॅगा हातात यायला आणखी वीस मिनिटं. म्हणजे 3:55. बाहेर आल्यावर मेट्रोच्या खुणा पाहत लिफ्टने खाली जायचं, तिकीट काढायचं, सामान तपासणीच्या यंत्रातून न्यायचं. फलाटावर उभं राहीपर्यंत 4:10. गाडी दहा ते पंधरा मिनिटांनी एक असते. सरासरीने 4:20 ला निघालात, तर 4:37 च्या सुमारास नवी दिल्ली.

इथे अनेकांना वाटतं की पोहोचलो. पण मेट्रोचा फलाट आणि रेल्वेचा फलाट यांच्यात अजून जवळपास अर्धा तास आहे. मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाच्या अजमेरी गेट बाजूला जमिनीखाली आहे. वर यायचं, मग 2022 मध्ये सुरू झालेल्या सुमारे 242 मीटरच्या स्कायवॉकने रेल्वेच्या पादचारी पुलाकडे जायचं, रेल्वेची सामान तपासणी वेगळी, तिची रांग वेगळी. 16 क्रमांकाचा फलाट अजमेरी गेटच्या बाजूला, तर 1 क्रमांकाचा पार पलीकडे पहाडगंजच्या बाजूला. गाडी 16 वर लागली तर पाच मिनिटांत खाली. 1 किंवा 2 वर लागली तर बॅगा ओढत सगळा पूल ओलांडायचा. लांब पल्ल्याची गाडी अर्धा किलोमीटर लांब असते, त्यामुळे जिना उतरल्यावर आपला डबा टोकाला निघाला की दोन-अडीचशे मीटरची चाल पुन्हा आहेच. 5:05 ला डब्यासमोर, असं मी धरतो.

म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चाक टेकल्यापासून दोन तास पाच मिनिटं. त्यातली मेट्रोची फक्त सतरा. उरलेला सगळा वेळ दोन टोकांना जातो, आणि उशीरही तिथेच होतो. विमान तासभर उशिरा आलं तर आपण 6:05 ला पोहोचतो. दीड तास उशीर झाला तर 6:35 ला. जीव मुठीत धरून का होईना, गाडी मिळते. दोन तास झाला तर गेली. यावरून माझं मत असं की टेकण्याची छापील वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत चार तास ठेवावेत. फक्त हातातलं सामान असेल आणि माणसं तरुण असतील तर तीन पुरतात, कारण बेल्टची वीस मिनिटं आणि चालण्यातला बराच वेळ वाचतो. अडीच तासांवर बेत आखू नये. विमान आणि रेल्वेची तिकिटं एकमेकांना बांधलेली नसतात. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वे पैसे परत देत नाही.

डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा हिशेब मोडतो. दिल्लीत धुकं पहाटे दाट होतं आणि उन्हं वर आल्यावर विरळ व्हायला लागतं, पण सकाळी खोळंबलेली विमानं दिवसभर वेळापत्रक ढकलत राहतात. पुण्याहून दुपारी निघणारं विमान बहुधा सकाळी दुसरीकडून कुठून तरी आलेलं असतं. म्हणून निघण्याच्या दिवशी आपल्या विमानाची आधीची फेरी कुठे आहे ते सकाळीच बघावं. तीच दोन तास मागे असेल तर तुमची वेळेवर येणार नाही, कंपनीचा संदेश नंतर येईल. या दिवसांत संध्याकाळच्या गाडीसाठी सकाळचं नव्हे, शक्यतो आदल्या दिवशीचं विमान घ्यावं. उत्तरेकडच्या गाड्याही उशिरा धावतात, पण आपली गाडी नवी दिल्लीहूनच सुटणारी असेल तर ती बऱ्याचदा वेळेवर सुटते. तिच्या उशिरावर भिस्त ठेवू नये.

मेट्रो अडली तर ते कसं ओळखायचं? फलाटावरच्या पाटीवर पुढच्या गाडीला किती मिनिटं आहेत ते दिसतं. तो आकडा वीसच्या पुढे गेला, किंवा कमी व्हायचं थांबला, तर कर्मचाऱ्याला विचारावं आणि हातात दोन तास असतानाच टॅक्सीकडे वळावं. पाऊण तास फलाटावर घालवून मग टॅक्सी शोधणाऱ्यांची गाडी चुकते. गाड्या पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेअकराच्या आसपास थांबतात. मध्यरात्री उतरणाऱ्याने हा मार्ग धरूच नये.

नवी दिल्लीच्या फलाटाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 15 फेब्रुवारी 2025 च्या रात्री कुंभमेळ्याच्या गर्दीत इथल्या 14-15 क्रमांकाच्या फलाटांकडे उतरणाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 18 जणांचा जीव गेला. प्रयागराज हे नाव असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणांनी लोक गोंधळले होते. त्यानंतर अजमेरी गेट बाजूला प्रवाशांना थांबण्यासाठी मोठं केंद्र उभं राहिलं. तेव्हा लवकर पोहोचल्यावर पुलावर किंवा जिन्यात थांबू नये. फलाट क्रमांक जाहीर होईपर्यंत खालीच बसावं. आणि घोषणा ऐकताना गाडीचं नाव न ऐकता पाच आकडी क्रमांक ऐकावा.

हे सगळं टी-थ्रीसाठी. टी-टूहून चालत याच मेट्रो स्थानकावर येता येतं. टी-वन मात्र वेगळ्या जागी आहे, तिथे मॅजेंटा लाइनचं स्थानक आहे. तिथून हौज खासला गाडी बदलून यलो लाइनने नवी दिल्लीला यावं लागतं. चाळीस मिनिटं जास्त धरावीत, आणि यलो लाइनला ऑफिसच्या वेळी मोठ्या बॅगा घेऊन शिरणं कठीण. तिकिटावर टर्मिनलचा आकडा आधी वाचावा, कारण एकाच कंपनीची विमानं वेगवेगळ्या टर्मिनलवर उतरतात.

तसंच रेल्वेच्या तिकिटावर नुसतं 'दिल्ली' बघू नये. NDLS म्हणजे नवी दिल्ली, DLI म्हणजे जुनी दिल्ली, ANVT म्हणजे आनंद विहार, NZM म्हणजे हजरत निजामुद्दीन. आपल्याकडच्या गाड्यांपैकी बऱ्याच निजामुद्दीनच्या असतात, आणि विमानाने जाऊन रेल्वेने परतणाऱ्यांना तेच स्थानक लागतं. त्यासाठी एअरपोर्ट लाइनवर नवी दिल्लीपर्यंत जाऊ नये. धौला कुआँला उतरावं. तिथून सरकते पट्टे बसवलेला एक लांब स्कायवॉक पिंक लाइनच्या दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानकाला जोडलेला आहे. सामानासह हा स्कायवॉक पार करायला वीस मिनिटं ठेवावीत. पुढे पिंक लाइन लाजपत नगर, आश्रम करत सराय काले खाँ-निजामुद्दीनला नेते, आणि तीच पुढे आनंद विहारलाही जाते. टी-थ्रीच्या फलाटापासून निजामुद्दीनच्या फलाटापर्यंत सव्वा ते दीड तास धरला तर धावपळ होत नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र विमानतळावरूनच टॅक्सी करावी. तो स्कायवॉक दोन बॅगा घेऊन चालायचा नाही.